उतारा की सलाईन? हँगओव्हरवर खरा इलाज कोणता?

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, दिवसा बैलगाड्यांचा घाट गाजतो, रात्री तमाशा रंगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी गावात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक फडापुढे जागा धरायला निघालेली आणि दुसरी ओसरीवर डोके धरून बसलेली. या दुसऱ्या मंडळींना सल्ला द्यायला सगळे गाव तयार असते. कुणी म्हणतो लिंबू पीळ, कुणी म्हणतो ताक घे. पण खरा भरवसा दोनच गोष्टींवर असतो. एक, सकाळी थोडा ‘उतारा’ घ्यायचा. दोन, डॉक्टरकडे जाऊन एक सलाईन लावून यायचे.

या दोन्ही उपायांमागे पुरावा नाही. पण त्याहून गंभीर गैरसमज दुसराच आहे. ‘सकाळी डोके दुखत नाही, म्हणजे दारू उतरली’ असे आपण धरून चालतो. विज्ञान नेमके उलटे सांगते. हँगओव्हर दारू उतरत आल्यावर सुरू होतो. पहाटे पाचला ज्याला अगदी बरे वाटते आहे, त्याच्या रक्तात दारू अजून शिल्लक असण्याची शक्यता मोठी असते. आणि आपल्याकडे पहाटे पाच ही भाजीची पिकअप घेऊन नारायणगावच्या बाजाराकडे निघण्याची वेळ आहे.

एका रात्रीचा हिशेब

समजा, ७० किलो वजनाचा एक तरुण आहे. रात्री नऊला मित्रांबरोबर बसला आणि साडेबारापर्यंत ६० मिलीचे चार पेग झाले. म्हणजे एक क्वार्टर आणि वर एक पेग. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. त्यामुळे ६० मिलीच्या एका पेगमधून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. चार पेगचे झाले ८० ग्रॅमच्या आसपास.

अल्कोहोल शरीरातील पाण्यात पसरते. या तरुणाच्या वजनाच्या पुरुषात ८० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे ढोबळमानाने दर १०० मिली रक्तामागे १७० मिलिग्रॅम. हे सगळे एकाच वेळी रक्तात नसते, कारण पहिल्या पेगपासूनच यकृत त्याचे विघटन करू लागते. पण यकृताचा वेग ठरलेला आहे. बहुतेकांमध्ये तो तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, कुणात थोडा कमी, कुणात थोडा जास्त. काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, लिंबू, धावणे यांपैकी कशानेही तो कामाला येईल इतका वाढत नाही.

आता घड्याळ लावून पाहू. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत आठ तास होतात. आठ तासांत यकृताने १२० मिलिग्रॅम काढले, ५० उरले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे शेवटच्या पेगनंतर साडेचार तासांनी, झोप काढून, तोंड धुऊन, चहा घेऊन स्टिअरिंगवर बसलेला हा तरुण कायद्याच्या भाषेत अजूनही दारू पिऊन गाडी चालवत असतो. सहा वाजताही ३५ उरतात. रक्त पूर्ण साफ व्हायला सव्वाआठ-साडेआठ उजाडतात. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या स्त्रीत तेवढ्याच दारूने हा आकडा वर जातो.

हँगओव्हरचा कडाका याच घड्याळावर चालतो. या विषयातील संशोधकांनी केलेली व्याख्याच अशी आहे की, एका बैठकीत भरपूर प्यायल्यानंतर रक्तातील अल्कोहोल शून्याच्या जवळ येते तेव्हा सुरू होणारा शारीरिक आणि मानसिक त्रास म्हणजे हँगओव्हर. आपल्या तरुणाचे डोके ठणकू लागेल ते सात-आठच्या सुमारास. पाचला त्याला बरे वाटत होते, कारण दारू अजून उतरायची होती.

पाणी कमी झाले म्हणून?

‘हँगओव्हर म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे’ हे स्पष्टीकरण सगळ्यांच्या तोंडी आहे. सलाईनची बाटलीही त्याच समजुतीवर टांगली जाते. यात अर्धे सत्य आहे. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणारे एक संप्रेरक असते, व्हॅसोप्रेसिन. अल्कोहोलमुळे ते दबते, म्हणून पिताना वारंवार लघवीला जावे लागते आणि सकाळी घशाला कोरड पडते.

पण तहान आणि हँगओव्हर या एकाच वेळी येणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधकांनी हँगओव्हर झालेल्यांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण तपासले, तेव्हा त्याचा त्रासाच्या तीव्रतेशी ठळक संबंध आढळला नाही. पाणी प्यायल्याने तहान जाते, तोंडाची कोरड जाते. मळमळ, डोकेदुखी, अंगातली कणकण मात्र बऱ्याच अंशी तशीच राहते. पाणी जरूर प्यावे, पण त्याने हँगओव्हर जाईल ही अपेक्षा ठेवू नये.

मग कारण काय? प्रामाणिक उत्तर असे की एकच कारण नाही. यकृत अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर करते आणि मग त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट बनवते. बरीच वर्षे सगळा दोष ॲसिटाल्डिहाइडवर टाकला जात होता. पण हँगओव्हर ऐन भरात असतो तेव्हा बहुतेकांच्या रक्तात ते फारसे उरलेले नसते. आज संशोधकांचे अधिक लक्ष शरीरात उठणाऱ्या दाहाकडे आहे. भरपूर प्यायल्यावर रोगप्रतिकार यंत्रणा जागी होते आणि सायटोकाइन नावाची रसायने वाढतात. फ्लूचा ताप येण्याआधी अंग मोडून येते, तोंडाची चव जाते, काही सुचत नाही, तेव्हाही हीच रसायने कामाला लागलेली असतात. हँगओव्हरची सकाळ आजारपणासारखी वाटते ती उगाच नव्हे.

त्यात झोपेची भर पडते. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती पुन्हा पुन्हा मोडते. जठराच्या अस्तराला होणारा त्रास वेगळाच. आणि चौथी गोष्ट म्हणजे दारूचा रंग. व्हिस्की, रम, ब्रँडी अशा गडद दारूंमध्ये आंबवताना आणि मुरवताना तयार झालेले इतर पदार्थ अधिक असतात. त्यांना काँजेनर म्हणतात. अमेरिकेत ९५ तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना बर्बन व्हिस्की आणि काहींना व्होडका दिली होती. बर्बनमध्ये व्होडकाच्या ३७ पट काँजेनर असतात, आणि बर्बन पिणाऱ्यांना सकाळचा त्रास जास्त झाला. पण लक्ष देण्याच्या, चटकन प्रतिसाद देण्याच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच घसरले. ‘व्होडका घेतली, त्रास नाही, म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही’ हा हिशेब इथे कोसळतो.

बैठकीत आणखी एक शास्त्र सांगितले जाते, ते म्हणजे आधी बिअर घ्यावी की नंतर. याचीही परीक्षा झाली आहे. जर्मनीत ९० जणांना वेगवेगळ्या क्रमाने बिअर आणि वाइन देऊन पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की क्रमाने काही फरक पडत नाही. सकाळचा त्रास किती होणार याचा बरा अंदाज दोनच गोष्टींवरून येत होता, रात्री नशा किती जाणवली आणि उलटी झाली का.

सलाईनने बरे का वाटते?

गावाकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन ठरलेले. रुग्ण ते मागून घेतो आणि नाही म्हणणाऱ्या डॉक्टरला पेशंट गमावण्याची भीती असते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत असते पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने पाणी पिता येते, त्याला ही बाटली दोन तांबे पाणी आणि चिमूटभर मिठापेक्षा फार काही देत नाही. हँगओव्हरचे मूळ पाणी कमी होण्यात नसेल, तर शिरेतून पाणी देऊन ते जाणार कसे? सलाईनने हँगओव्हर बरा होतो असे दाखवणारी भक्कम चाचणी नाही.

‘पण मला तर बरे वाटले’ असे अनेकजण सांगतील, आणि ते खोटे बोलत नाहीत. बाटली संपायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ माणूस पंख्याखाली आडवा असतो, डोळे मिटून. बरोबर बहुधा उलटीचे किंवा दुखण्याचे इंजेक्शनही दिलेले असते. म्हणजे विश्रांती झाली, इंजेक्शनने लक्षण दबले आणि मधल्या वेळात शरीराने आपले काम पुढे रेटले. श्रेय मात्र बाटलीला मिळाले. शिवाय सुई शिरेत टोचल्यावर जंतुसंसर्गाची, शीर सुजण्याची जोखीम येतेच, आणि खर्चही होतो.

सलाईन खरोखर लागते ते वेगळ्या परिस्थितीत. पाण्याचा घोटही पोटात राहत नाही, लघवी जवळजवळ बंद झाली आहे, उठताना चक्कर येते आहे, तर ते डॉक्टरांना ठरवू द्या. मग तो ‘हँगओव्हर घालवायचा’ उपाय राहत नाही.

उतारा म्हणजे उधारी

उताऱ्याने काही वेळ बरे वाटते, हेही खरे आहे. त्यामागे एक तर्क आहे. दारूत अगदी थोडे मेथॅनॉल असते. नेहमीचे अल्कोहोल आहे तोवर यकृत मेथॅनॉलला हात लावत नाही. ते संपले की मेथॅनॉलचे फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होऊ लागते. सकाळच्या पेगने हे काम पुन्हा लांबणीवर पडते, वर मेंदूला पुन्हा गुंगी येते. पण काम रद्द होत नाही. एका पेगने रक्तात पुन्हा ४० मिलिग्रॅमच्या वर भर पडते, म्हणजे यकृताला जवळपास तीन तास जादा काम. सकाळी आठला संपणारा हिशेब अकरापर्यंत लांबतो आणि त्रास त्याच्या पुढे उभा असतो.

उताऱ्याबाबत घरच्यांनी एक गोष्ट नीट ओळखायला हवी. अधूनमधून पिणाऱ्याचा हँगओव्हर दिवसभरात आपोआप ओसरतो. पण रोज पिणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, छाती धडधडत असेल आणि एक घोट घेताच सगळे शांत होत असेल, तर तो हँगओव्हर नाही. शरीर दारूवर अवलंबून झाल्याची ती खूण आहे. अशा माणसाची दारू ‘उद्यापासून बंद’ म्हणून घरच्याघरी एकदम तोडणेही धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि एक सकाळ अशी असते की तिला हँगओव्हर समजणे जिवावर बेतते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मेथॅनॉल होते. मेथॅनॉलचा त्रास लगेच दिसत नाही, बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतो. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, पोटात कळ, म्हणजे थेट हँगओव्हरसारखेच. पण हँगओव्हर जसजसा दिवस वर येतो तसा कमी होतो, हा वाढत जातो. धुक्यातून पाहिल्यासारखे अंधुक दिसू लागते, श्वास जोरजोरात चालतो. हातभट्टीची किंवा सुटी, सील नसलेली दारू प्यायल्यानंतर असे काही जाणवले, तर लिंबू, ताक, उतारा यांत एक मिनिटही घालवू नये. १०८ वर फोन करावा, आणि काय प्यायले ते लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. वेळेत विषावरील औषध आणि डायलिसिस मिळाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. त्याच बैठकीत प्यायलेल्या इतरांनाही, त्यांना त्रास होत नसला तरी, दवाखान्यात न्यावे.

मग पुरावा कशामागे आहे?

२००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हँगओव्हरवरील उपायांच्या चाचण्यांचा आढावा छापला. निष्कर्ष असा होता की कोणताही उपाय परिणामकारक असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी पुन्हा २१ चाचण्या तपासल्या. त्या सगळ्या मिळून सहभागी फक्त ३८६, आणि एकाच उपायाची दोनदा परीक्षा झालीच नव्हती. त्यात जरा आशादायक दिसलेल्या तीन गोष्टींपैकी एक होती लवंगेचा अर्क. म्हणून कुणी लवंगा चघळायला घेऊ नयेत. चाचणीतला अर्क वेगळा, सहभागी मोजके, आणि पुराव्याचा दर्जा संशोधकांनीच अतिशय कमी ठरवला. हँगओव्हरच्या गोळ्या, पावडरी आणि पेये विकणाऱ्या जाहिराती मोबाइलवर दिसतील, तेव्हा हा ३८६ चा आकडा आठवावा.

जे टिकते ते साधे आहे. त्रास होतो तो प्यायलेल्या अल्कोहोलच्या प्रमाणात, म्हणून कमी पिणे हाच एकमेव खात्रीचा उपाय. रिकाम्या पोटी न पिता आधी नीट जेवले, तर दारू रक्तात हळू उतरते आणि तिचे शिखर खाली राहते. आपल्याकडे बैठक संपल्यावर मटणाचे ताट वाढले जाते, त्या क्रमाला उलटे करायला हवे. दोन पेगमध्ये पाणी प्यायल्याने यकृताचा वेग वाढत नाही, पण पिण्याचा वेग कमी होतो, हा त्याचा खरा फायदा.

सकाळी ताक, पेज, लिंबूपाणी, मऊ भात जरूर घ्यावे. त्याने तहान भागते, पोटाला आधार मिळतो. हा इलाज नव्हे, पण अपायही नाही. गोळ्यांच्या बाबतीत मात्र जपून. आयब्रुफेन, ॲस्पिरिन आधीच चिडलेल्या जठराला आणखी त्रास देतात, क्वचित रक्तस्रावही होतो. पॅरासिटामॉल रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृताला धोक्याचे ठरू शकते. आणि रात्री झोपताना ‘सकाळी डोके दुखू नये’ म्हणून आगाऊ गोळी घेणे तर टाळावेच.

गाडी कुणी चालवायची?

हँगओव्हर हा खासगी त्रास आहे, ज्याने प्यायली त्याने सोसावा, असे म्हणता आले असते. पण तो माणूस सकाळी रस्त्यावर येतो. दारू पूर्ण उतरल्यावरही प्रश्न संपत नाही. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १९ अभ्यास एकत्र तपासले. रक्तातील अल्कोहोल जवळपास शून्यावर आल्यावरही लक्ष, स्मरणशक्ती आणि गाडी चालवण्याची क्षमता मंदावलेली राहते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपला तरुण पाचला कायद्याच्या मर्यादेबाहेर आहे आणि नऊला मर्यादेत असूनही पूर्ववत झालेला नाही.

पुणे-नाशिक महामार्गावर किंवा माळशेज घाटाच्या वळणांवर समोरून येणाऱ्याला आपण काय प्यायलो आणि किती वाजता, हे माहीत नसते. म्हणून यात्रेत आणि लग्नाच्या हळदीत जसे स्वयंपाकाचे आणि वाढपाचे काम आधी वाटून दिले जाते, तसेच पहाटेच्या गाडीचेही वाटून द्यावे. ज्याला माल पोचवायचा आहे, सकाळी पाहुण्यांना स्टँडवर सोडायचे आहे, त्याने रात्री बैठकीत बसू नये. बसला असेल तर चावी दुसऱ्याकडे द्यावी. पहिला पेग किती वाजता, एकूण किती पेग आणि एका पेगला जवळपास तीन तास, एवढा हिशेब तोंडी करता येतो. चार पेगला साधारण बारा तास. नऊला सुरुवात केली असेल, तर स्टिअरिंग सकाळी नऊच्या आधी नाही, आणि डोके ठणकत असेल तर त्यानंतरही नाही.